आठवडा सगळ्यांचा, रात्र एकट्याची

२ जून २०२५. सोमवार, पहाटेचे ३ वाजून ५ मिनिटं. माझा फोन वाजला आणि मी झोपेतच तो भिंतीवर फेकायच्या बेतात होते. तेवढ्यात नंबर दिसला. आमच्या अलार्म सिस्टिमचा. म्हणजे ज्याचा ऑन-कॉल आठवडा होता त्यानं १५ मिनिटांत फोन उचललेला नाही, म्हणून घंटा आता टीम लीडच्या उशाशी. टीम लीड म्हणजे अस्मादिक.

आठवडा होता नागपूरकरचा. (आमच्या टीममध्ये गावावरून नावं पडलीयेत. नागपूरकर, सातारकर, ठाणेकर मॅडम आणि ज्युनियर. ज्युनियरचं गाव सगळ्यांना माहितीये, पण त्याला गावापेक्षा ज्युनियर असणंच जास्त चिकटलंय.) नागपूरकरनं फोन उचलला नाही, हे मला खरंच वाटेना. हा माणूस जिममध्ये, लग्नात, एकदा तर हळदीच्या पाटावर बसलेल्या भावाच्या शेजारी उभा राहून लॅपटॉप उघडणारा. मी मुकाट्यानं उठले, चहा टाकला, काम सुरू केलं. चारच्या सुमारास सगळं मार्गी लागलं.

दुपारी दीडला इंग्लंडहून मेल. तिथं सकाळचे नऊ. आमचा क्लायंट म्हणजे तिकडच्या दुकानांची एक मोठी साखळी. मेल नम्र होता, त्यांचे असतातच. पण मथितार्थ एवढाच : महिनाअखेरच्या रात्री तुमच्या माणसानं फोन उचलला नाही, तर कृपया या कामावर दुसरा माणूस द्या.

नागपूरकरला केबिनमध्ये बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, फोन सायलेंटवर नव्हता जी. उशीखालीच होता. वाजला असंन. मला ऐकूच नाही आला." एवढंच. पुढे एक अक्षर नाही. तक्रार नाही, सबब नाही. आणि मला त्याचाच राग आला. कारण मला वाटत होतं की आमचा रोटा तर एकदम फेअर आहे. चार माणसं, प्रत्येकाला एक आठवडा, सोमवारी सकाळी दहाला हॅन्डओव्हर, पुन्हा पहिल्यापासून. मीच बनवलेला. शाळेतल्या वर्गात फळा पुसायचे नंबर लावतात तसा. याच्यात अन्याय व्हायला जागाच कुठे आहे?

संध्याकाळी मेलला उत्तर लिहायला बसले. "आम्ही बदली माणूस देत आहोत" इथपर्यंत टाइपही केलं. मग वाटलं, त्याच्या अप्रेझलमध्ये कायमची नोंद होणारी गोष्ट आहे ही, निदान आकडे तरी बघू. टिकेटिंग टूलमधून रोटा नव्यानं सुरू झाल्यापासूनचे म्हणजे ३१ मार्चपासूनचे सगळे ऑफिसबाहेरच्या वेळेतले फोन काढले. उत्तर मात्र त्या दिवशी पाठवलं नाही. "चौकशी करून महिनाअखेरीपर्यंत कळवते" एवढं लिहून वेळ मागून घेतली, आणि २२ जूनपर्यंतचे १२ आठवडे पूर्ण होऊ दिले. १२ आठवडे म्हणजे तीन फेऱ्या. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर तीन आठवडे. हिशेब स्वच्छ.

एकूण फोन निघाले ६६. नागपूरकर ३१, सातारकर १४, ठाणेकर मॅडम १२, ज्युनियर ९.

पण नुसते फोन मोजणं म्हणजे फसवणूक आहे, हे पहिल्याच तासात लक्षात आलं. संध्याकाळी साडेसातला ट्रॅफिकमध्ये असताना आलेला फोन आणि पहाटे पावणेतीनला आलेला फोन एकाच रकान्यात कसे बसणार? शिवाय एक जॉब फेल झाला की सिस्टिम दर दहा मिनिटांनी तेच रडगाणं गाते. माणूस एकदाच उठतो, फोन मात्र तीन दिसतात. म्हणून मी मोजायचं एककच बदललं. रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात एका बिघाडासाठी झोपेतून उठावं लागणं म्हणजे एक जागरण. मग तो फोन एकदा वाजो की चारदा.

अशी जागरणं होती ३४. सातारकर ५, ठाणेकर मॅडम ४, ज्युनियर ३. आणि नागपूरकर २२.

तुम्ही म्हणाल, नशीब. कोणाच्या तरी वाट्याला जास्त येणारच. मलाही आधी तसंच वाटलं. फोन काही पत्रिका बघून येत नाहीत. पण नशीब कुठे संपतं आणि घोळ कुठे सुरू होतो, याचा एक ढोबळ हिशेब आहे आणि तो कोणत्याही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. सरासरी काढा. आमची ३४ भागिले ४, म्हणजे साडेआठ. तिचं वर्गमूळ साधारण ३. त्याची दुप्पट ६. सरासरीच्या सहा खाली आणि सहा वर, म्हणजे अडीच ते साडेचौदा, एवढ्या पट्ट्यात जे काही आहे ते नशीब म्हणून सोडून द्यायचं. सातारकरला ज्युनियरपेक्षा दोन जास्त पडली म्हणून मीटिंग घ्यायची नाही. ५, ४ आणि ३ ही तिघं त्या पट्ट्यात आरामात बसतात. २२ बसत नाही. २२ म्हणजे नशीब नव्हे, कोणीतरी घातलेला घोळ. (हा हिशेब बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच चालतो. म्हणून तर एका बिघाडाचं एकच जागरण धरायचं.)

घोळ कोणी घातला? कॅलेंडर उघडून बसले तेव्हा कळलं. मीच.

क्लायंटच्या दुकानांचा महिन्याचा हिशेब महिन्याच्या शेवटच्या रात्री बंद होतो. तिकडे रात्री दहाला तो भलामोठा बॅच सुरू होतो आणि दुसऱ्या रात्री त्याचा उरलेला भाग चालतो. ३० मार्चला इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे गेली. त्यामुळे उन्हाळाभर तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे आपले पहाटेचे अडीच. माणसाची सगळ्यात गाढ झोप म्हणतात ना, ती वेळ.

आता २०२५ चं कॅलेंडर काढा आणि माझ्याबरोबर बोट ठेवा. ३१ मार्च, सोमवार. त्याच सकाळी नागपूरकरचा आठवडा सुरू झाला. चार आठवड्यांनी, २८ एप्रिलच्या सोमवारी, पुन्हा नागपूरकर. ३० एप्रिल कधी? त्याच आठवड्यात, बुधवारी. अक्षय्य तृतीया होती. अजून चार आठवडे पुढे, २६ मेचा सोमवार. पुन्हा नागपूरकर. ३१ मे? त्याच आठवड्यातला शनिवार. तीन महिनाअखेरी, तिन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर. त्याच्या २२ जागरणांपैकी १७ या सहा रात्रींमधली होती. ती १७ बाजूला काढली की उरतात ५. म्हणजे सातारकरइतकीच!

यात कुणाचा दुष्टावा नाही, साधी बेरीज आहे. दोन महिनाअखेरींमध्ये बहुतेक वेळा चार आठवडे पडतात, अधूनमधून पाच. आणि आमची टीम चार जणांची. म्हणजे चक्र चारचं आणि महिनाही जवळजवळ चारचाच. दोन पंखे सारख्याच वेगानं फिरत असले की एकाचं पातं दुसऱ्याच्या पात्यासमोर थांबल्यासारखं दिसतं ना, तसं. मग मधे पाच आठवड्यांचं अंतर आलं की पातं एका घरानं सरकतं आणि पुढच्या माणसासमोर थांबतं. मी पुढचं बघितलं. ३० जून, ३१ जुलै, ३१ ऑगस्ट, तिन्ही सातारकर. नंतर ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, तिन्ही ठाणेकर मॅडम. आणि मग ३१ डिसेंबर, ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ज्युनियर.

गंमत बघा. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाच्या नावावर बरोबर तीन महिनाअखेरी. ऑडिटरला दाखवला तर तो टाळ्या वाजवेल. फक्त त्या तीन सलग तीन महिन्यांत कोसळतात आणि माणूस वर्षाच्या सरासरीवर झोपत नाही. त्यात मधेच कुणी नोकरी सोडली, कुणी प्रसूतीच्या रजेवर गेलं, तर ज्यानं आधी भोगलं त्यानं भोगलं. फेड कधीच होत नाही.

असले सापळे अजून आहेत. सात जणांची टीम असेल आणि आठवड्याऐवजी रोज एकेक दिवस फिरवत असाल, तर चक्र सातचं आणि आठवडाही सातचा. एक बिचारा जन्मभर रविवारी. मायक्रोसॉफ्टचे अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ते लगोलग चढवणाऱ्या चार जणांच्या टीममध्ये तो मंगळवारही असाच एकाच्या मानेवर बसतो. आपल्या कामात जे काही ठरावीक काळानं येतं ते आधी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायचं आणि मगच त्यावर नावं टाकायची. मी उलटं केलं होतं. आधी नावं, मग देवाची मर्जी.

आकडे घेऊन मी टीमसमोर बसले. कॅन्टीनमधलं कोपऱ्यातलं टेबल, वडा-सांबार आणि एक प्रिंटआउट. २२ चा आकडा बघून सगळे गप्प. नागपूरकर नुसता सांबार ढवळत होता. मग ज्युनियर हळूच म्हणाला, "मॅम, माझे तीन म्हणजे तीनच नाहीयेत."

झालं असं होतं की ज्युनियरच्या आठवड्यात रात्री काही अडलं की तो टूलमध्ये दुसऱ्या कुणाला बोलवायचा नाही. थेट नागपूरकरला व्हॉट्सॲप कॉल. "दादा, हे असं दिसतंय, काय करू?" नागपूरकरनं फोन काढून दाखवला. १२ आठवड्यांत असे सात कॉल, त्यातले चार रात्री अकरानंतरचे. टूलमध्ये त्यांचा मागमूस नाही. म्हणजे खरी जागरणं २२ नव्हे, २६. वर तो हसत म्हणतो, "लहान आहे जी तो, शिकून राहिला." प्रत्येक टीममध्ये असा एक दादा असतोच. ज्याला सगळं येतं, त्याचा नंबर सगळ्यांकडे असतो आणि त्याचा आठवडा कधीच संपत नाही. टूलमधले आकडे बघून रोटा लावणाऱ्याला तो दिसत नाही. त्यासाठी माणसांनाच विचारावं लागतं. आणि तेही मजेत, चौकशी समितीच्या आवाजात नाही.

ठाणेकर मॅडमचा मुद्दा वेगळा होता. त्या म्हणाल्या, "अगं, फोन आला नाही तरी माझा आठवडा जातोच की. नाटकाला जात नाही, लोकलमध्ये नेट जाईल म्हणून आईकडे जात नाही. तू फक्त फोन मोजलेस तर माझे ते तीन आठवडे फुकटच गेले ना?" अगदी बरोबर. म्हणून आमच्याकडे आता दोन वह्या आहेत. वह्या म्हणजे एका एक्सेल शीटचे दोन टॅब. एकात अडकून पडणं : कोणी किती आठवडे, किती शनिवार-रविवार, किती सण सांभाळले. दुसऱ्यात जागरणं. पहिली वही आधी जुळवता येते, ती आपल्या हातात आहे. दुसरी आधी जुळवता येत नाही, ती घडल्यावर फक्त वाचता येते. या दोन्ही एकत्र करून एक "स्कोअर" काढायचा मोह मला झाला होता. आठवड्याला इतके गुण, रात्रीला तितके. सातारकरनं तो मोडून काढला. "मग लोक गुणांवरून भांडत बसतील, आणि कामाचं राहील बाजूलाच." तर नो गुण.

आता काय बदललं ते सांगते. सगळ्यात मोठा बदल दिसायला सगळ्यात साधा आहे. महिनाअखेरीच्या रात्री आम्ही ऑन-कॉलमधून बाहेरच काढल्या. ज्या रात्री फोन येणार हे महिनाभर आधी माहीत आहे, त्या रात्रीला ऑन-कॉल म्हणणं हाच मुळात विनोद आहे. ती सरळ सरळ नाइट शिफ्ट. तिची वेगळी यादी केली, वर्षाच्या बारा महिनाअखेरींची. एकाच्या नावावर लागोपाठ दोन येणार नाहीत, एवढी एकच अट. त्या रात्री तो माणूस जागाच असतो, लॅपटॉप उघडा, बाजूला मॅगी. आदल्या दुपारी ऑफिसला यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. त्या आठवड्यात ज्याचा ऑन-कॉल आहे त्यानं मात्र खुशाल झोपायचं. झोपलेल्या माणसाला अडीचला उठवणं आणि तयारीत बसलेल्या माणसानं अडीचला काम करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तयारीतला माणूस चुका कमी करतो, हे तर आलंच.

दुसरं, मी स्वतः रोट्यात शिरले. चाराचे पाच झालो. मी आतापर्यंत "एस्कलेशन" या गोंडस नावाखाली बाहेर उभी होते. पाच जणांत एक आयता फायदा आहे. महिना चार आठवड्यांचा आणि चक्र पाचचं, त्यामुळे महिन्यात ठरावीक काळानं येणाऱ्या कटकटी बहुतेक वेळा आपोआप पुढच्या फेरीत दुसऱ्याकडे सरकतात. पाच हाही काही आदर्श आकडा नाही. गूगलच्या इंजिनीअर्सनी २०१६ मध्ये त्यांच्या कामाच्या पद्धतींवर एक पुस्तक काढलं. त्यात एका ठिकाणी बसणाऱ्या टीमसाठी, एक मुख्य आणि एक मदतनीस असे आठवड्याचे नंबर लावायचे तर किमान आठ माणसं हवीत असं म्हटलंय. आणि १२ तासांच्या शिफ्टमध्ये दोनपेक्षा जास्त बिघाड येऊ नयेत, कारण एकेकाचा नीट निचरा करायलाच साधारण सहा तास जातात. आठ माणसं! आमच्या मॅनेजरसमोर हे वाचून दाखवलं तर ते प्रेमानं म्हणाले, "छान आहे पुस्तक."

तिसरी गोष्ट, मदतनीस अधिकृत केला. ज्युनियरच्या आठवड्यात मदतीला कोण, ते नाव रोट्यावर लिहिलेलं असतं आणि दर फेरीला बदलतं. त्याला रात्री उठवलं तर त्याचंही जागरण वहीत चढतं. नागपूरकरला परस्पर फोन करायचा नाही. केलाच, तर सकाळी वहीत लिहायचा. पहिल्या महिन्यात वहीतली जागरणं वाढलेली दिसली आणि मॅनेजर घाबरले. वाढली नव्हती हो, दिसायला लागली होती.

आणि चौथी, जी खरं तर पहिली करायला हवी होती. त्या १७ महिनाअखेर-जागरणांपैकी ११ एकाच गोष्टीची निघाली. गोदामांकडून येणाऱ्या फाइल्स उशिरा पोचायच्या. आमचा जॉब २० मिनिटं वाट बघून बोंब ठोकायचा. नागपूरकर उठायचा, लॉग-इन करायचा, बघतो तर फाइल आलेली! तासाभरात त्या आपोआप यायच्याच. क्लायंटची माणसं कामावर येतात तिकडे सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा. एवढा वेळ हाताशी असताना पहाटे २.५० ला माणूस उठवायची गरजच काय? वाट बघायची वेळ २० मिनिटांवरून ९० केली. त्यानंतरही फाइल आली नाही तरच घंटा. एक सेटिंग, अर्ध्या तासाचं काम. मी तीन महिने ज्याची समान वाटणी कशी करू म्हणून डोकं खाजवलं असतं, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग मुळात वाटायचाच नव्हता, फेकून द्यायचा होता. म्हणून आता दर सोमवारी हॅन्डओव्हरला पहिला प्रश्न हाच : या आठवड्यात कशासाठी उठलास, आणि उठून हाताला काही काम होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, की त्या अलार्मची त्याच दिवशी चिरफाड.

बारीकसारीक नियमही झाले. आठवडा चालू असताना कोणाची लागोपाठ दोन रात्री झोपमोड झाली, तर तिसरी रात्र मदतनीस घेतो, विचारायचंही नाही. नागपूरकर १ जूनला पहाटे अडीच ते सहा जागा होता, आणि २ जूनला आम्ही त्याच माणसाकडून अपेक्षा केली की त्याला उशीखालचा फोन ऐकू यावा. अदलाबदल कोणीही कोणाशी करा, पण वहीत लिहा. "तेव्हा मी तुझा रविवार घेतला होता" ही वाक्यं आठवणीवर ठेवली की मैत्री तुटते. सण तिमाहीच्या सुरुवातीलाच मागून घ्यायचे. आणि पैशांचं म्हणाल तर, आमचा ऑन-कॉल भत्ता आठवड्याला ठरलेला, फोन आला तरी तेवढाच, नाही आला तरी तेवढाच. २२ जागरणांनाही तोच, तिनालाही तोच. ते बदलणं माझ्या हातात नव्हतं. एचआरशी दोन मीटिंग झाल्या, तिसरी अजून व्हायचीय. तोवर जागरणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी यायची मुभा मी माझ्या अधिकारात दिलीये.

इंग्लंडला शेवटी उत्तर काय पाठवलं? तो अर्धवट टाइप केलेला मेल डिलीट केला. त्याऐवजी चार ओळी आणि एक तक्ता. कोण, किती आठवडे, किती जागरणं, त्यातली किती महिनाअखेरची, त्यातल्या किती वेळा फाइल नंतर आपोआप आली. शेवटी लिहिलं की फोन उचलला गेला नाही याची जबाबदारी वेळापत्रक बनवणारीची आहे, म्हणजे माझी. माणूस बदलणार नाही, वेळापत्रक बदलतोय. पाठवून दिवसभर मी नखं खात होते. संध्याकाळी उत्तर आलं. माणसाबद्दल एक शब्द नाही. फक्त विचारलं होतं, कोणत्या गोदामाच्या फाइल्स सगळ्यात उशिरा येतात, यादी मिळेल का?

नवा रोटा २३ जूनला लागला. ५ ऑक्टोबरपर्यंत १५ आठवडे झाले, पाच जणांचे तीन-तीन. जागरणं १९. ५, ४, ३, ५, २. दोनचा आकडा ज्युनियरचा, पण आता तो खरा आहे. वर्गमुळाचा हिशेब परत केला, सगळे पट्ट्यात. दोन पाचांमधलं एक माझं आहे, आणि मी ते नशीब म्हणून सोडून दिलंय. दातओठ खात, पण सोडलंय.

जुन्या रोट्यात गणपतीचा आठवडा, २५ ऑगस्टचा, सातारकरकडे होता. वर ३१ ऑगस्टची महिनाअखेर. नव्यात तो माझ्याकडे आला. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. गुरुवारी विसर्जनाला निघालो तेव्हा माझ्या एका खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात निर्माल्याची पिशवी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, निदान आज तरी." मी म्हटलं, "आई, आज माझाच नंबर आहे." सातारकर तेव्हा गावी होता, दहा दिवस, फोन बंद करून. चौकातल्या ढोलांच्या आवाजात माझा फोन वाजला तर ऐकू येणार नाही, म्हणून तो मी मुठीत धरून चालत होते, व्हायब्रेटवर. वाजला नाही.

दिवाळीआधी त्या कॅन्टीनच्या टेबलावर नागपूरकरला १५ आठवड्यांचे आकडे दाखवले. त्याचे चार होते. बघितले, मान हलवली, प्रिंटआउटची घडी घालून परत दिली. म्हणाला, "चांगलं झालं जी मॅडम. पण एवढं मोजायले माझा फोन चुकावा लागला."

मी वड्याचा तुकडा तोंडात घातला. उत्तर माझ्याकडे नव्हतं.